रिक्षात बसण्याआधीचा हिशेब

पहाटेच्या गाडीनं पुणे स्टेशनला उतरून बाहेर आलात की तीन-चार जण एकदम विचारतात, ‘कुठं जायचंय?’ तुम्ही म्हणता, ‘कोथरूड.’ उत्तर येतं, ‘तीनशे.’ तुम्ही अडीचशे म्हणता, तो दोनशे ऐंशीवर येतो, शेवटी दोनशे साठला जमतं आणि चाळीस रुपये वाचवल्याच्या समाधानात तुम्ही बॅगा आत ढकलता. आता जरा मागं जाऊन बघा, तुमचा अडीचशेचा आकडा आला कुठून? त्याच्या तीनशेतून. त्यानं पाचशे म्हटलं असतं तर तुम्ही चारशेपासून सुरुवात केली असती. याच प्रवासाचा अधिकृत हिशेब, रात्रीचा जादा आकार आणि सामान धरूनही, पावणेदोनशेच्या आसपास येतो. तो डोक्यात असता तर बोलणं वेगळ्याच ठिकाणी सुरू झालं असतं.

हा हिशेब करायला कागद-पेन लागत नाही. स्टेशनच्या जिन्यावरून खाली येईपर्यंत तो होतो. फक्त दर, अंतर आणि वेळ ठाऊक हवी, आणि रिक्षावाल्याचं गणित कसं चालतं याची थोडी कल्पना हवी.

दरापासून सुरू करू. पुणे आणि पिंपरी-चिंचवडमध्ये 1 सप्टेंबर 2022 पासून रिक्षाचा दर पहिल्या दीड किलोमीटरला 25 रुपये आणि त्यापुढे दर किलोमीटरला 17 रुपये असा ठरला. बहुतेकांना यातला 25 लक्षात राहतो, 17 राहत नाही. खरं तर उलट व्हायला हवं, कारण 25 हा आकडा 17 मधूनच आलेला आहे. दीड किलोमीटरला 17 च्या हिशेबानं साडेपंचवीस रुपये होतात, त्यातली वरची अर्धी बाजूला ठेवली की 25. म्हणजे ‘पहिला टप्पा वेगळा, पुढचा दर वेगळा’ अशी दोन गणितं करायचं कारणच नाही. अंतर दीड किलोमीटरपेक्षा जास्त असलं की सरळ किलोमीटर गुणिले 17. चार किलोमीटरला 68, सहाला 102, दहाला 170. नियमाप्रमाणे मांडून काढलेल्या आकड्यात आणि यात फरक पडतो तो अर्ध्या रुपयाचा. सतराचा पाढा विसरला असेल तर दहापट करा, त्यात निम्मे मिळवा आणि किलोमीटरमागे दोन रुपये वर टाका. आठ किलोमीटर असेल तर ऐंशी, चाळीस आणि सोळा, एकूण 136.

मुंबईतही हीच खुबी चालते. मुंबई महानगर परिसरात 1 फेब्रुवारी 2025 पासून रिक्षाचं किमान भाडं 26 रुपये आणि पुढचा दर किलोमीटरला 17.14 रुपये झाला. काळ्या-पिवळ्या टॅक्सीला किमान 31 आणि पुढं 20.66. एकतीसला दीडनं भागून पाहा, उत्तर पुन्हा 20.66 च्या घरातच येतं. त्यामुळे टॅक्सीसाठी किलोमीटरला वीस रुपये धरायचे आणि शेवटी दर तीन किलोमीटरमागे दोन रुपये वर घालायचे. दादर ते सीएसएमटी हे 9 किलोमीटर धरले तर एकशे ऐंशी आणि सहा, म्हणजे 186. मीटर टाकून गेलात आणि वाटेत वाहतुकीत फार अडकला नाहीत तर मीटरही तिथंच आसपास थांबतो.

आता अंतर. हाताशी फोन असेल तर नकाशाचं अ‍ॅप ते सांगतं, पण दोन गोष्टी तपासायच्या. नकाशा गाडीच्या रस्त्यावर लावलेला हवा. पायी जाण्याच्या किंवा दुचाकीच्या पर्यायावर राहिला असेल तर तो गल्लीबोळातून नेतो आणि अंतर कमी दाखवतो. मग रिक्षावाला बरोबर असूनही तो लबाड वाटायला लागतो. दुसरं म्हणजे पुण्यात जाण्याचं आणि येण्याचं अंतर सारखं नसतं. लक्ष्मी रस्ता, फर्ग्युसन रस्ता, जंगली महाराज रस्ता हे सगळे एकदिशा मार्ग. ‘काल येताना नव्वद झाले, आज जाताना एकशे दहा कसे?’ या भांडणाचं मूळ बऱ्याचदा एखाद्या ‘प्रवेश बंद’च्या फलकात असतं.

फोन बंद पडला असेल तर? पुण्यापुरता एक सोपा उपाय आहे, मेट्रोचा. वनाज ते रामवाडी हा मार्ग साधारण पावणेसोळा किलोमीटरचा आणि त्यावर स्थानकं 16. म्हणजे दोन स्थानकांमधलं अंतर सरासरी एक किलोमीटर. पुणे स्टेशनपासून मोजा: मंगळवार पेठ, सिव्हिल कोर्ट, महापालिका, संभाजी उद्यान, डेक्कन, गरवारे कॉलेज, नळ स्टॉप, आयडियल कॉलनी. आठ स्थानकं झाली, तेव्हा आयडियल कॉलनी आठेक किलोमीटरवर. मुंबईकरांना हीच सोय लोकलनं दिली आहे, पण तिथं स्थानकांमधली अंतरं बरीच कमीजास्त आहेत आणि रस्ता रुळांच्या शेजारून जाईलच असं नाही. तरी अंदाजाला ती पुरतात.

तिसरी गोष्ट वेळ. पुण्यात महापालिकेच्या हद्दीत रात्री 12 ते पहाटे 5 या वेळेत मूळ भाड्यावर 25 टक्के जादा घेता येतात, ग्रामीण भागात 40 टक्के. मुंबईतही मध्यरात्र ते पहाटे 5 या वेळेत सव्वापट भाडं असतं. लक्षात ठेवायचं ते हे, की रात्री साडेदहा ही भाड्याच्या हिशेबात रात्र नाही. दुकानं बंद झाली, रस्ता शांत झाला, की ‘नाइट चार्ज लागेल साहेब’ हे वाक्य अकरापासूनच ऐकू येतं. त्याला आधार नाही. उलट पावणेपाचला गाडीतून उतरलेल्या माणसानं स्टेशनबाहेर एक चहा शांतपणे घेतला तर आठ किलोमीटरच्या प्रवासात 34 रुपयांचा फरक पडतो. पुण्यात सामानाचा आकारही आहे, पण तो इतका किरकोळ आहे की ऐकून हसू येतं. 60 बाय 40 सेंटिमीटरच्या बॅगेमागे 3 रुपये. तेव्हा ‘बॅगा आहेत म्हणून पन्नास जादा’ असं कुणी म्हणालं तर बॅगांच्या नावानं त्याला देणं लागतं ते सहा किंवा नऊ रुपये, पन्नास नाही.

आता सुरुवातीचं कुटुंब घेऊ. नवरा, बायको, एक मुलगी, दोन मोठ्या बॅगा. पहाटे साडेचार. पुणे स्टेशन ते आयडियल कॉलनी, आठ किलोमीटर. मूळ भाडं 136. रात्रीचा पाव हिस्सा 34, एकूण 170. दोन बॅगांचे 6, म्हणजे 176. सुट्ट्यांची कटकट नको म्हणून 180. अधिकृत हिशेब एवढाच. यात घासाघीस करायला काही उरत नाही, कारण कायद्यानं मीटर टाकून यायचं आणि रात्रीचा आकार त्यावर लावायचा हेच अपेक्षित आहे.

पण तसं होत नाही, आणि का होत नाही हे समजून घेतलं तर 180 आणि 300 यांच्यामध्ये नेमकं कुठं थांबायचं ते कळतं. रिक्षा सीएनजीवर चालते. एका किलोत शहरातल्या वाहतुकीत तीसेक किलोमीटर जाते आणि किलोचा भाव 90 रुपयांच्या आसपास आहे. म्हणजे इंधनाचा खर्च किलोमीटरला तीन रुपये. आठ किलोमीटरला 24. 170 मधून 24 गेले की 146 उरतात, आणि पहाटेच्या मोकळ्या रस्त्यावर हे काम पंचवीस मिनिटांचं आहे. ऐकायला उत्तम. मात्र स्टेशनबाहेरचा रिक्षावाला त्या पंचवीस मिनिटांपूर्वी रांगेत उभा होता. कधी अर्धा तास, कधी दीड तास. कोथरूडला सोडल्यावर त्या वेळेला तिथून स्टेशनचं भाडं मिळेलच असं नाही, मग रिकामं यायचं, म्हणजे आणखी 24 रुपयांचा गॅस. रिक्षा स्वतःची नसेल तर मालकाला पाळीचे ठरलेले पैसे द्यायचे असतात, ते वेगळेच. स्टेशनच्या रांगेतला माणूस रोजचं गणित चार-पाच लांबच्या भाड्यांवर जमवतो, रस्त्यावर फिरणारा वीस-बावीस छोट्या भाड्यांवर. म्हणून रांगेतल्याला मीटर परवडत नाही असं त्याला वाटतं, आणि त्याच्या जागी उभं राहून पाहिलं तर ते अगदीच खोटं नाही.

तरीही मी त्याच्या हिशेबातला एक भाग मान्य करतो आणि एक करत नाही. रिकामं परतण्याचा खर्च मान्य करत नाही, कारण दर ठरवताना रिक्षा दिवसभरात काही किलोमीटर रिकामी धावणार हे धरलेलंच असतं. दर म्हणजे काही कुणी मनाला येईल तो आकडा नव्हे. वाहनाची किंमत, इंधन, विमा, दुरुस्ती, चालकाचा उदरनिर्वाह असं सगळं मांडून तो काढतात. महाराष्ट्रात त्यासाठी 2012 मध्ये हकीम समितीनं सूत्र दिलं, पुढं खटुआ समितीनं ते नव्यानं मांडलं. शहराच्या हद्दीतलं रिकामं परतणं पुन्हा वेगळं आकारायचं म्हटलं तर एकाच गोष्टीचे दोनदा पैसे होतात. पहाटेची गैरसोय मात्र मान्य, पण त्यासाठीच तर सव्वापट आहे. राहिली ती रांगेतली वाट. तिच्यासाठी वीस-तीस रुपये वर द्यायला माझी हरकत नसते. अशा रीतीनं माझा पट्टा ठरतो 180 ते 210. दोनशेला जमलं तर मी समाधानानं बसतो. अडीचशे म्हणजे महाग, आणि तीनशेला तर उभंच राहायचं नाही.

असा पट्टा ठरवूनच बोलायला जावं. एकच आकडा धरून बसलं की दहा रुपयांसाठी भांडण होतं, आणि काहीच धरलं नाही की काय होतं ते सुरुवातीला पाहिलंच. खालचा आकडा म्हणजे नियमाचा हिशेब, वरचा आकडा म्हणजे ज्यापुढं चालत निघायचं तो. दोन्ही बोलण्याआधी ठरलेले हवेत, कारण बोलणं सुरू झालं की समोरचा आकडा डोक्यात घर करतो.

बोलण्याची रीतही थोडी बदलावी लागते. ‘किती घेणार?’ हा प्रश्न विचारलात की पहिला आकडा त्याचा होतो. त्याऐवजी, ‘काका, आयडियल कॉलनी, मीटरनं येणार का?’ असं विचारावं. चाळीस टक्के वेळा, असं खोटं सांगत नाही, पण लोकांना वाटतं त्यापेक्षा पुष्कळदा उत्तर ‘बसा’ असं येतं. नाही म्हणाले तर मग आकडा आपण टाकायचा, आणि त्याच्यामागचं गणित एका दमात सांगायचं. ‘आठ किलोमीटर आहे, मीटरचे एकशे छत्तीस, रात्रीचं धरून एकशे सत्तर, बॅगांचं धरून एकशे ऐंशी देतो.’ आवाज चढवायचा नाही. रिक्षावाल्याला या गणितातला एकेक आकडा तुमच्यापेक्षा चांगला ठाऊक असतो, तेव्हा ते खोडून काढणं त्याला जड जातं. तो म्हणणार, ‘मीटर परवडत नाही साहेब, वर थोडं बघा.’ मग बोलणं ‘वर किती’ यावर येतं. ‘मीटरवर वीस’ हा तर पुण्यात सर्रास चालणारा तोडगा आहे, दोन्ही बाजूंना तोंड न लपवता मान्य करता येतो.

‘कोथरूड’ असं न म्हणता आयडियल कॉलनी म्हणायचं, याला कारण आहे. कोथरूड म्हटलं की कर्वे पुतळाही आला आणि चांदणी चौकाच्या अलीकडची शेवटची सोसायटीही आली. रिक्षावाला लांबचं टोक धरून आकडा सांगतो, कारण जवळचं धरलं आणि तुम्ही लांबचे निघालात तर पोचल्यावर भांडण त्याच्या वाट्याला येतं. नेमकं ठिकाण, आणि ठिकाण नवं असेल तर जवळची ओळखीची खूण, एवढं सांगितलं तरी आकडा काही वेळा आपोआप खाली येतो. बसण्याआधी आणखी एक वाक्य बोलून घ्यावं, ‘सगळ्यांचे मिळून ना?’ सीटवर चालणाऱ्या रिक्षांच्या भागात ‘साठ’ म्हणजे माणशी साठ असू शकतात, आणि ते पोचल्यावर कळतं. माणसं चार असतील तर गोष्ट आणखी बदलते. रिक्षाला परवानगी तीन प्रवाशांची. चौथा बसवला तर पोलिसानं अडवलं की भुर्दंड चालकाला, त्यामुळे तो जादा मागतो. इथं तो चुकीचा नाही, आणि तुम्हीही चौथ्याला बसवायचा हट्ट धरू नये हे बरं.

आता ‘हाफ रिटर्न’चं प्रकरण. शहराबाहेर जायचं म्हटलं की हा शब्द येतोच: मीटरप्रमाणे होईल ते, अधिक परतीचे निम्मे, म्हणजे दीडपट. दरपत्रकात याला जागा नाही, पण व्यवहारात तो इतका मुरला आहे की नुसतं ‘नियम दाखवा’ म्हणून भागत नाही. तेव्हा तो कुठं रास्त आणि कुठं नाही हे आपल्याशी ठरवावं लागतं. स्वारगेटहून खडकवासला धरणापर्यंत सोळा किलोमीटर धरा. मीटरचे 272 होतात, दीडपट 408. आडवारी दुपारी धरणापाशी परतीचं भाडं मिळणं कठीण. रिक्षावाला सोळा किलोमीटर रिकामा येणार, म्हणजे अट्ठेचाळीस रुपयांचा गॅस आणि पाऊण तास. वरचे 136 रुपये त्यासाठी आहेत असं म्हटलं तर ते फार नाहीत. मी देतो. पण रविवारी संध्याकाळी त्याच धरणावर जायला हाफ रिटर्न मागितला तर देण्याचं कारण नाही. चौपाटीवर भजी-कणसं खाऊन परतणारी माणसं वाहन शोधतच उभी असतात. हिंजवडीचंही तसंच, कंपन्या सुटायच्या वेळी तिथून रिकामी रिक्षा निघणं कठीण. प्रश्न एकच विचारायचा: मी जिथं उतरणार, त्या वेळी तिथं दुसरा माणूस रिक्षाची वाट बघत असेल का? असेल तर हाफ रिटर्न नाही. आणि त्याच रिक्षानं तुम्ही तासाभरात परत येणार असाल तर हाफ रिटर्नचा विषयच संपतो. मग जाण्याचे नि येण्याचे मीटरचे पैसे आणि थांबण्याचे काही, असं ठरवायचं. थांबण्याचे किती, हे निघण्याआधी ठरलं पाहिजे. तिथं पोचल्यावर तुम्ही धरणावर अडकलेले असता आणि आकडा तोच सांगतो.

हे सगळं मीटर असलेल्या गावांचं झालं. महाराष्ट्रातल्या बऱ्याच शहरांत मीटर रिक्षाला लावलेलं असतं, पण ते चालू करण्याची पद्धत नाही. एसटी स्टँडबाहेर सीटचा दर असतो आणि एकट्यानं न्यायचं म्हटलं की ‘स्पेशल’. अशा गावात नवा माणूस पूर्ण आंधळा असतो, कारण मूळ भाडं सांगणारी खिडकीच नाही. तिथं मी सीटच्या दरावरून हिशेब करतो. रिक्षावाल्याला स्पेशलचं विचारण्याआधी, त्याच मार्गावरचा सीटचा दर स्टँडवरच्या पानवाल्याला किंवा सोबत उतरलेल्या प्रवाशाला विचारायचा. समजा स्टँड ते कॉलेज चौक सीटचे 20 रुपये आहेत. परवान्याप्रमाणे तीन सीट म्हणजे 60. प्रत्यक्षात चार-पाच जण कोंबले जातात, म्हणजे 80 ते 100. स्पेशल घेताना तुम्ही त्याची सगळी भरलेली फेरी विकत घेताय, पण त्याला रिक्षा भरण्याची वाट बघावी लागत नाही आणि वाटेत थांबावंही लागत नाही, हा त्याचा फायदा. तेव्हा 60 च्या खाली मागू नये आणि 100 च्या वर देऊ नये. याला ताळा म्हणून किलोमीटर गुणिले 17 करून बघायचं. चार किलोमीटर असतील तर 68, दोन्ही हिशेब एकमेकांच्या जवळ आले. खरं तर त्या जिल्ह्याच्या प्राधिकरणानं ठरवलेला दर तिथंही असतो आणि तो पुण्या-मुंबईच्या फार दूर नसतो. दोन हिशेब खूप लांब पडले, तर बहुधा अंतर चुकलंय किंवा मधे कुठंतरी घाट, खराब रस्ता, पूल बंद असं काही आहे. ते विचारून घ्यावं.

मोबाइलवरच्या अ‍ॅपचा आकडा हा आजकाल बऱ्याच लोकांचा एकमेव आधार झालाय. भाडं ठरवायला तो वापरावा, पण तो म्हणजेच खरं भाडं असं समजू नये. अ‍ॅपवरचा आकडा मागणीप्रमाणे हलतो. पाऊस पडला, ऑफिसं सुटली की चढतो, आणि भर दुपारी मीटरच्याही खाली जातो. दुपारी अ‍ॅपवर 110 दिसतात म्हणून रस्त्यावरच्या रिक्षावाल्याला 110 ला चला म्हणणं, आणि पावसात अ‍ॅपवर 240 दिसतात म्हणून त्याला 240 देणं, दोन्हींत चूक आहे. दरम्यान मीटरचा दर तोच असतो. अ‍ॅपवरून बोलावलेला चालकही पुण्यात बऱ्याचदा ‘मीटरनं द्याल ना?’ असं फोनवरच विचारतो. किलोमीटर गुणिले 17 ठाऊक असलेल्याला या प्रश्नाची भीती वाटत नाही, कधीकधी त्यात दहा रुपये कमीच होतात.

आधी काढलेला आकडा बसल्यानंतरही कामाला येतो. मीटरनं जाताना तुमचा अंदाज 136 चा आणि उतरताना मीटर 145 दाखवत असेल तर बरोबर आहे, कारण सिग्नलला आणि कोंडीत थांबल्याचे पैसे मीटर धरतं. दहा मिनिटं कोंडीत गेली तर पंधरा-वीस रुपये वाढू शकतात. पण रस्ता मोकळा होता, वाट सरळ होती आणि मीटर 190 वर गेलं, तर त्या मीटरमध्ये गडबड आहे असं समजायला हरकत नाही. वाटेतच लक्ष ठेवायचं असेल तर सोपी खूण आहे. नकाशावर एक किलोमीटर सरकला की मीटर सतराच्या आसपास सरकलं पाहिजे. दोन-तीन किलोमीटर सलग बावीस-तेवीसनं सरकत असेल तर उतरल्यावर रिक्षाचा नंबर टिपून परिवहन कार्यालयाकडे तक्रार करावी. रस्त्यावर हुज्जत घालून मीटर दुरुस्त होत नाही.

आणि दर बदलला की यातला फक्त एक आकडा बदलायचा. 17 च्या जागी नवा दर लिहा, बाकीची रीत तशीच. दरवाढीनंतर सगळ्या रिक्षांची मीटरं नव्या दराला जुळवून घ्यायला काही आठवडे जातात. तोवर मीटरवर जुना आकडा येतो आणि चालक अधिकृत दरपत्रकाच्या कार्डावरून नवा सांगतो. अशा वेळी कार्ड मागून पाहा, त्यावर मीटरच्या आकड्यापुढं लिहिलेली रक्कम द्या. कार्ड नसेल तर मीटरवर दिसतंय तेवढंच द्या.